चुकीचा केक गेला, आता जाहीर माफी कशी लिहायची? नव्या कॅफेवाल्यांसाठी

सोलापुरात गेल्या काही वर्षांत होटगी रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत घरगुती केक करणारे आणि छोटी कॅफे चालवणारे खूप वाढले. त्यातल्या प्रत्येकाकडे कधी ना कधी एक फोन येतोच, 'अहो, हा आमचा केक नाही.' नाव चुकलं, वजन कमी भरलं, फ्लेवर बदलला तर पैसे परत करून आणि मनापासून बोलून विषय मिटतो. पण एगलेस सांगितलेला केक अंड्याचा निघाला, तर तो तसा मिटत नाही. आपल्याकडे लिंगायत, जैन, मारवाडी अशी अंडं अजिबात न चालणारी कितीतरी घरं आहेत. तिथे हा प्रश्न चवीचा नसतो, घराच्या आचाराचा असतो.

माझं स्वतःचं कॅफे आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या कॅफेत असंच झालं, तेव्हा माफीची पोस्ट आम्ही दोघींनी मिळून लिहिली. तिच्या परवानगीने ते प्रकरण इथे पायरीपायरीने मांडते आहे. दुकानाचं आणि ग्राहकांचं नाव देत नाही. मुलींचं नावही बदललं आहे.

झालं ते असं. रविवारी संध्याकाळी दोन ऑर्डरी होत्या. दोन्ही बटरस्कॉच, दोन्ही एक किलो, दोन्हींवर 'हॅपी बर्थडे आर्या'. एक एगलेस, सहा वाजता न्यायचा. दुसरा अंड्याचा, साडेसहाला न्यायचा. खोक्यांवर फक्त 'आर्या' लिहिलं होतं. सहाला आलेल्या कुटुंबाला साडेसहाचा खोका दिला गेला. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे केक घरी जाताच फ्रिजमध्ये ठेवला आणि खोका उघडला तो थेट कापायच्या वेळी. केक कापला, सगळ्यांना भरवला, आज्जींनीही घास घेतला. नंतर रिकामा होत आलेला पुठ्ठा उचलताना खालचं छोटं स्टिकर नातवाने वाचलं, 'बटरस्कॉच, १ किलो, एग'. रात्री त्या स्टिकरचा फोटो शहरातल्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर होता.

१. आधी घरी जा, मग लिहायला बसा

ग्राहकाने आपल्याबद्दल जाहीर लिहिलं की पहिला हात मोबाइलकडे जातो. तो आवरा. ज्या घराला त्रास झाला त्या घराला तुमची माफी इतरांसोबत स्क्रीनवर वाचायला मिळाली, तर ती माफी त्यांच्यासाठी नव्हतीच असं त्यांना वाटणार, आणि ते बरोबरच आहे.

मैत्रिणीने आधी फोन केला, येऊ का असं विचारलं आणि मगच गेली. न विचारता दारात उभं राहू नका. पाहुणे असतात, लोक चिडलेले असतात. सोबत केक, मिठाई, फुलं काही नेऊ नका. ज्या स्वयंपाकघरातून चुकीचा केक आला तिथलीच दुसरी वस्तू त्या घरात नेणं योग्य नाही. पैसे मात्र फोनवर बोलतानाच पूर्ण परत पाठवा आणि त्यावर कसलीही अट घालू नका. 'पोस्ट काढा, मग पैसे देते' हे वाक्य तोंडातून गेलं की पुढची कुठलीही माफी कुणी ऐकत नाही.

त्या आज्जी घरी कन्नड बोलत. मैत्रिणीला कन्नड येतं. ती मुलाशी नाही, सुनेशी नाही, आधी आज्जींशी बोलली. 'तुम्हाला न चालणारी वस्तू माझ्या दुकानातून तुमच्या तोंडात गेली, मी माफी मागते,' एवढंच. आज्जी थोडं बोलल्या, बराच वेळ गप्प राहिल्या. तिने त्या शांततेत आपलं स्पष्टीकरण भरलं नाही. गर्दी किती होती, मुलगा नवा होता, यातलं काही तिथे सांगायचं नसतं. विचारलं तर सांगा.

२. जाहीर पोस्ट खरंच लागते का ते ठरवा

प्रत्येक चुकीला जाहीर माफी लागत नाही. केकवर 'श्रावणी'चं 'श्रवणी' झालं आणि घरच्यांनी तुम्हालाच फोन करून सांगितलं, तर विषय तुमच्या दोघांतच राहू द्या. त्यांनी गावाला सांगितलं नसेल तर तुम्हीही सांगू नका. त्यांच्या घरचा वाढदिवस तुमच्या पोस्टचा विषय होणं त्यांना आवडेलच असं नाही.

जाहीर लिहायचं ते दोन कारणांसाठी. ग्राहकाने आधीच जाहीर लिहिलं असेल तर, किंवा त्या चुकीचा धोका तुम्हाला माहीत नसलेल्या इतरांनाही असू शकत असेल तर. या प्रकरणात दोन्ही कारणं होती. फेसबुकवरच्या त्या फोटोखाली लोक विचारत होते, 'आम्ही पण तिथूनच एगलेस नेतो, आमचा केक कुठला होता?' या प्रश्नाचं उत्तर न देणारी माफी अर्धीच ठरली असती.

एक अपवाद इथेच सांगते. केक खाऊन कुणाला अॅलर्जी झाली असेल, दवाखान्यात न्यावं लागलं असेल किंवा वकिलाची नोटीस आली असेल, तर पोस्ट आधी लिहू नका. आधी त्या माणसाच्या तब्येतीचं पाहा, केकमध्ये काय काय होतं याची पूर्ण यादी डॉक्टरांना द्या (बटरस्कॉचच्या कुरकुरीत दाण्यांत बहुतेकदा काजू असतो, तोही सांगा) आणि लिहिण्याआधी वकिलाशी बोला.

३. कागद गोळा करा

माफीत लिहिलेलं एक जरी वाक्य नंतर खोटं ठरलं तर आधीची चूक लहान वाटू लागते. म्हणून लिहिण्याआधी हे सगळं समोर ठेवा:

- दोन्ही ऑर्डरच्या चिठ्ठ्या किंवा वहीचं पान
- ग्राहकाशी झालेले व्हॉट्सअॅपचे मेसेज, त्यात 'एगलेस' शब्द कुठे आहे ते
- बिलं आणि ऑनलाइन पेमेंटच्या वेळा
- काउंटरवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, लगेच वेगळं साठवून (बऱ्याच यंत्रांत जुनं आपोआप पुसलं जातं)
- वापरलेल्या प्रीमिक्सची पाकिटं
- त्या दिवशीच्या सगळ्या एगलेस ऑर्डरींची यादी

प्रीमिक्सचं पाकीट का, तर चूक नेमकी कुठे झाली हे त्यावरून कळतं. पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तर शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत अंडं मांसाहारात धरलं जातं. चूक भट्टीत झाली असेल, म्हणजे एगलेस म्हणून अंड्याचंच मिश्रण भिजवलं गेलं असेल, तर त्या घाण्यातले सगळेच केक संशयात येतात. चूक काउंटरवर झाली असेल तर फक्त अदलाबदल झालेले खोके. या दोन गोष्टींची माफी एकसारखी लिहिता येत नाही.

मैत्रिणीच्या बाबतीत पुठ्ठ्याखालची स्टिकरं बरोबर होती, खोके बदलले होते. हे कळल्यावर तिने केकचे फोटो पुन्हा पाहायची गरज ठेवली नाही. क्रीम लावल्यावर एगलेस आणि अंड्याचा केक बाहेरून सारखाच दिसतो. कापल्यावर एगलेस किंचित घट्ट वाटू शकतो, पण प्रीमिक्सच्या स्पंजमध्ये तोही फरक भरवशाचा नाही. 'फोटोवरून तर एगलेसच वाटतोय' असं कधीही लिहू नका.

आणि दुसरा खोका विसरू नका. घाबरलेल्या अवस्थेत सगळं लक्ष रागावलेल्या ग्राहकाकडे जातं. साडेसहाला आलेल्या कुटुंबाला एगलेस केक मिळाला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना फोन करून सांगितलं, फरकाचे पैसे परत केले. त्यानंतर त्या दिवशीच्या प्रत्येक एगलेस ग्राहकाला फोन गेला, 'पुठ्ठ्याखाली स्टिकर आहे, एकदा पाहून घ्या.' ज्यांनी पुठ्ठा टाकून दिला होता त्यांना चिठ्ठी आणि पेमेंटची वेळ पाहून सांगितलं. हे फोन झाले नसते तर पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य लिहिता आलं नसतं.

४. पहिला मसुदा लिहा आणि त्यातली ही वाक्यं काढा

तिचा पहिला मसुदा असा होता: 'रविवारी प्रचंड गर्दी असल्याने आमच्या एका कर्मचाऱ्याकडून अनवधानाने केकची अदलाबदल झाली. यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आम्ही नेहमीच उत्तम दर्जा देत आलो आहोत. आमच्यावर असाच लोभ असू द्या.'

सगळे असंच लिहितात, म्हणून एकेक वाक्य पाहू.

गर्दीचं कारण पहिल्याच वाक्यात आलं की वाचणाऱ्याला ते सबब वाटतं. कारण खरं असलं तरी ते मागे घ्या. आणि इथे खरं कारण गर्दी नव्हतंच. खोक्यावर फक्त नाव लिहायची पद्धत होती, ते कारण होतं.

'एका कर्मचाऱ्याकडून' हे तर काढाच. काउंटरवर दोन-तीनच मुलं असतात, गल्लीतल्या प्रत्येकाला कळतं कोण ते. खोक्यावर काय लिहायचं हे त्या मुलाने ठरवलं नव्हतं, मालकिणीने ठरवलं होतं. त्याला कामावरून काढलं, त्याचा पगार कापला असं लिहून लोकांना शांत करायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका.

'दुखावल्या असल्यास' मधला 'असल्यास' ग्राहकाला सर्वांत जास्त लागतो. आज्जींनी अंडं खाल्लं हे घडलं आहे, त्यात जर-तर नाही. 'भावना' हा शब्दही इथे टाळलेला बरा, कारण त्याने चूक आपल्याकडून त्यांच्या मनाकडे सरकते. त्यांनी एक वस्तू मागितली, पैसे दिले आणि दुसरी मिळाली, हे आधी स्पष्ट लिहायचं.

दर्जाची आणि लोभाची वाक्यं जाहिरातीत ठीक आहेत. माफीच्या पोस्टमध्ये ऑफर, सवलत, पुढच्या केकचं कूपन, हॅशटॅग यांतलं काही येता कामा नये.

५. अंतिम मसुदा

क्रम असा ठेवा: काय झालं, त्याचा परिणाम काय, जबाबदारी कुणाची, इतरांना धोका आहे का, आता काय बदललं, कुठे विचारायचं. नेमकं लिहा. रविवारी रात्री आम्ही जे लिहिलं आणि सोमवारी सकाळी टाकलं ते असं:

*'रविवारी संध्याकाळी आमच्या काउंटरवरून एका कुटुंबाला एगलेस केकऐवजी अंड्याचा केक दिला गेला. त्यांनी ऑर्डर देताना एगलेस स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्या घरात अंडं खात नाहीत. वाढदिवसाला जमलेल्या सगळ्यांनी, घरातल्या ज्येष्ठांनीही, तो केक खाल्ला. हे आता भरून काढता येणार नाही, याची मला जाणीव आहे. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आहे आणि इथेही मागते.*

*एकाच नावाचे दोन केक होते आणि खोक्यावर आम्ही फक्त नाव लिहीत होतो. ही पद्धत मी ठरवलेली होती, त्यामुळे चूक माझी आहे.*

*त्या दिवशी एगलेस केक नेलेल्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही फोन केला आहे. अदलाबदल या दोनच केकची झाली होती.*

*आमच्याकडे दोन्ही प्रकारचे केक बनतात. भांडी आणि बीटर वेगळे आहेत, ओव्हन एकच आहे. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी ऑर्डर देण्याआधी जरूर विचारावं.*

*आजपासून प्रत्येक खोक्याच्या झाकणावर हिरवं किंवा तपकिरी स्टिकर आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे असतील. केक तुमच्यासमोर उघडून, वाचून दाखवूनच दिला जाईल. काही विचारायचं असल्यास दुकानाच्या नंबरवर फोन करा, मी स्वतः उचलेन.'*

खाली तिचं स्वतःचं नाव. 'टीम' किंवा 'व्यवस्थापन' नाही.

ओव्हनच्या वाक्यावर आमचा बराच वेळ गेला. ते लिहिलं तर काही ग्राहक जातील अशी तिला भीती होती, आणि काही गेलेही. पण एगलेस मागणाऱ्या काही घरांना एकच ओव्हन चालतो, काहींना चालत नाही, आणि ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे. न सांगता ठेवलं असतं तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारलंच असतं, आणि मग ते लपवलं असं झालं असतं.

'पुन्हा कधीच होणार नाही' हे वाक्य आम्ही मुद्दाम घेतलं नाही. तशी हमी कुठलंच स्वयंपाकघर देऊ शकत नाही. काय बदललं ते सांगता येतं, आणि ते कुणालाही दुकानात येऊन तपासता येतं.

६. टाकण्याआधी त्या कुटुंबाला वाचून दाखवा

मसुदा त्यांना पाठवा आणि दोनच गोष्टी विचारा: यात काही चुकीचं आहे का, आणि तुमची ओळख पटेल असं काही आहे का. नाव, गल्ली, आडनाव, मुलीचं नाव, त्यांनी टाकलेला फोटो यांतलं काहीही पोस्टमध्ये नको. आमच्या मसुद्यात 'आज्जी' होतं. सुनेने म्हटलं, 'तेवढं काढा, नातेवाईक विचारत बसतील.' म्हणून 'ज्येष्ठांनी' आलं.

परवानगी मागताना त्यांची पोस्ट काढायची विनंती त्यात मिसळू नका. ती ठेवायची की काढायची हा त्यांचा प्रश्न. माफी मागितली म्हणून त्यांचा तक्रारीचा हक्कही संपत नाही. ते १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतात, आणि 'आता विषय संपला' असं तुम्ही परस्पर जाहीर करू शकत नाही.

७. कुठे आणि कशी टाकायची

तक्रार जिथे आली तिथे त्याच धाग्याखाली आधी उत्तर द्या, मग आपल्या पानावर टाका. साध्या पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं पुरेत. हात जोडलेलं चित्र, फुलांची चौकट, मोठा लोगो नको. फक्त चोवीस तासांनी गायब होणाऱ्या स्टेटसवर माफी मागू नका, ती पानावर वरती पिन करून ठेवा. एक छापील प्रत काउंटरवर लावा, कारण आपले निम्मे ग्राहक चालत येणारे असतात.

गूगलवर वाईट रिव्ह्यू आला असेल तर मालक म्हणून तिथेही दोन-तीन ओळींत हेच लिहा. मित्रमंडळींना सांगून पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू टाकायला लावू नका. एकाच दिवशी आलेले दहा कौतुकाचे रिव्ह्यू कुणालाही ओळखू येतात.

सगळ्यात मोठा सापळा कमेंटमध्ये असतो. आपलीच माणसं प्रेमापोटी लिहितात, 'एवढंसं झालं तर केवढा बाऊ,' 'केक तर मस्तच असतो यांचा.' त्या कुटुंबाला हे वाचून दुसऱ्यांदा त्रास होतो. पोस्ट टाकायच्या आधीच भावाला, नवऱ्याला, स्टाफला आणि मैत्रिणींना निरोप द्या की कुणीही बाजू घ्यायची नाही. तरी कुणी लिहिलंच तर तुम्ही स्वतः खाली लिहा, 'त्यांचा राग योग्य आहे, कृपया असं लिहू नका.' शिव्या किंवा कुणाच्या जातीवरून काही असेल तर ती कमेंट काढा. बाकी कडू कमेंट राहू द्या, आणि कमेंट बंद तर करूच नका.

८. लिहिलेलं त्याच दिवशी सुरू करा

पोस्ट वाचून लोक मुद्दाम पाहायला येतात. सोमवारी दुपारीच एक काका आले, अर्धा किलोचा पायनॅपल घेतला आणि म्हणाले, 'उघडून दाखवता म्हणे?' त्या दिवशी स्टिकरं नसती तर पोस्टला काही अर्थ उरला नसता. हिरवी आणि तपकिरी स्टिकरं स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतात. ती हातात आल्यावरच पोस्ट टाका.

केक देताना काउंटरवरच्या मुलाने झाकण उघडायचं आणि मोठ्याने तीन गोष्टी वाचायच्या: केकवरचं नाव, एग की एगलेस, आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. ग्राहकाने 'हो' म्हटलं की चिठ्ठीवर खूण. फक्त नाव विचारून भागत नाही, कारण एकाच संध्याकाळी दोन आर्या असू शकतात. ऑर्डर फोनवर मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, हिंदीत कशीही येवो, नंतर लिहिलेली चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवून ग्राहकाकडून 'बरोबर' घ्या. एगलेसचे खोके फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, अंड्याचे खालच्या, आणि हा क्रम कुणीही बदलायचा नाही.

पिन केलेली पोस्ट साधारण महिनाभर वर ठेवा. नंतर पिन काढा, पण पोस्ट पुसू नका. पुढे कधी कुणी जुना स्क्रीनशॉट टाकून विचारलं, 'हेच ना ते अंड्याच्या केकवाले?' तर नवं स्पष्टीकरण लिहित बसू नका. 'हो, आमच्याकडूनच झालं होतं' एवढं लिहा आणि त्या पोस्टची लिंक द्या.